बाण नाकतोड्याकडून बेडकाकडेच का?

*“माझा मुलगा सातवीत आहे. त्याच्या पुस्तकात भातखाचरातल्या अन्नजाळ्याचं चित्र आहे. त्यात भात, नाकतोडा, उंदीर, बेडूक, धामण, गव्हाणी घुबड आणि गरुड असे सात चौकोन आहेत. (फोटो सोबत पाठवतेय.) बाण नाकतोड्याकडून बेडकाकडे जातो. पण खातो तर बेडूक! मुलाने चाचणीत सगळे बाण उलटे काढले आणि शून्य गुण मिळाले. खरं सांगायचं तर मलाही त्याचंच बरोबर वाटतं. ‘बेडूक नाहीसे झाले तर काय होईल?’ या प्रश्नाला त्याने ‘धामण उपाशी राहील’ असं लिहिलं, तर निम्मेच गुण. आणि दोन्हीकडे टोक असलेला बाण काढता येतो का, हे तो रोज विचारतोय. शाळेत सांगतात, पाठ करा. पण कळल्याशिवाय पाठ तरी कसं करायचं?”*
*– एक आई, संगमेश्वर*

ताई,

बाण म्हणजे घासाचा रस्ता. जे खाल्लं जातं तिथून तो निघतो आणि जो खातो त्याच्या पोटाशी संपतो. टोक कायम खाणाऱ्याकडे.

तुमच्या मुलाने काढला तो हल्ल्याचा रस्ता. बेडूक दबा धरून बसतो, झेप घेतो, जीभ बाहेर फेकतो. ही सगळी हालचाल बेडकाकडून नाकतोड्याकडेच होते. शिवाय आपण वाक्यही तसंच बोलतो, ‘बेडूक नाकतोड्याला खातो.’ आधी बेडूक, मग नाकतोडा. वाक्याच्या क्रमाने बाण काढला की तो उलटा पडतो, आणि शाळेत जाणारी पुष्कळ मुलं नेमकी इथेच अडकतात. चित्र मात्र झडप संपल्यानंतरची गोष्ट सांगतं. नाकतोडा गिळल्यावर त्याच्या अंगातलं काय कुठे गेलं, एवढंच त्या बाणाला सांगायचं असतं.

हे जवळून पाहायचं तर कार्बनच्या एका कणाचा माग काढा. तो आधी खाचरावरच्या हवेत असतो, कार्बन डायऑक्साइडमध्ये. भाताचं पान तो आत ओढून घेतं आणि सूर्यप्रकाशाच्या जोरावर त्याची साखर बनवतं. त्या साखरेतून पानाचं पातं वाढतं. नाकतोडा ते पातं कडेने कुरतडत जातो आणि तोच कण त्याच्या मागच्या लांब पायातल्या स्नायूत जाऊन बसतो. पुढे बेडूक त्याला सबंध गिळतो, दोन-तीन दिवसांत पचवतो आणि कण बेडकाच्या मांडीत पोचतो. मग धामण. मग गरुड. (कोकणात या चौकोनात सर्पगरुड समजावा, साप हेच त्याचं मुख्य खाणं.) हा कण ज्या दिशेने गेला, त्याच दिशेने चित्रातले बाण जातात: भात ते नाकतोडा, नाकतोडा ते बेडूक, बेडूक ते धामण, धामण ते गरुड. त्या कणाबरोबर उन्हातून आलेली आणि साखरेत साठवलेली ऊर्जाही त्याच वाटेने पुढे सरकते. म्हणून पुस्तकात ‘बाण ऊर्जेच्या वहनाची दिशा दाखवतो’ असं छापलेलं असतं. वाक्य बरोबरच आहे, फक्त मुलांना ऊर्जा डोळ्यांनी दिसत नाही आणि घास दिसतो. म्हणून आधी घास दाखवावा आणि मग त्याच्या आतली ऊर्जा.

मुलाला चित्र वाचायला लावा. प्रत्येक बाणावर बोट ठेवून, बोट बाणाच्या दिशेने सरकवत मोठ्याने म्हणायचं: ‘नाकतोडा बेडकाच्या पोटात. बेडूक धामणीच्या पोटात. उंदीर घुबडाच्या पोटात.’ ‘खातो’ हे क्रियापद काही दिवस बाजूलाच ठेवा, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

आता त्याच्या उत्तरपत्रिकेबद्दल. सगळेच बाण उलटे आहेत, याचा अर्थ कोण कोणाला खातो हे त्याला पक्कं माहीत आहे. काही बाण सरळ आणि काही उलटे असते तर काळजीचं कारण होतं. चूक फक्त खुणेच्या अर्थाची आहे आणि ती त्याला स्वतःला पकडता येईल. त्याने काढलेलं चित्र पुन्हा समोर ठेवा आणि भाताचा चौकोन बघायला सांगा. नाकतोड्याकडून बाण भातात येतोय, उंदराकडूनही भातातच येतोय, आणि वरून गरुडापासून निघालेल्या सगळ्या वाटाही शेवटी भातातच उतरतात. घासाच्या भाषेत वाचलं तर या खाचरात सगळ्यांना गिळणारा भात आहे! आणि गरुडाच्या चौकोनात एकही बाण येत नाही, म्हणजे तो काहीच खात नाही.

यातूनच तपासून बघण्याची खूण मिळते. हिरव्या वनस्पतीच्या चौकोनात दुसऱ्या कुठल्याही सजीवाकडून खाण्याचा बाण येता कामा नये. सूर्याचं चित्र असेल तर तेवढा एक बाण येईल. सर्वांत वरच्या भक्षकाच्या चौकोनात बाण नुसते येतील आणि दुसऱ्या भक्षकाकडे जाणारा एकही निघणार नाही. मधल्या सगळ्यांना येणारे आणि जाणारे असे दोन्ही बाण हवेत. परीक्षेत चित्र काढून झालं की या तीन गोष्टींवरून नजर फिरवायला अर्धा मिनिट पुरतो.

तरीही तो विचारेल की ‘खातो’ असा अर्थ धरून उलटे बाण काढले तर काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे. खुणेचा अर्थ माणसांनीच ठरवलेला असतो. पण ही दिशा निवडण्यामागे कारण आहे. अन्नजाळ्याच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध चित्रांपैकी एक समरहेज आणि चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२३ साली छापलं. ते उत्तर ध्रुवाजवळच्या बेअर बेटाचं होतं. त्यांना शोधायचं होतं ते असं, की त्या ओसाड, थंड बेटावर नायट्रोजन कुठून येतो आणि कुठे जातो. समुद्रपक्षी समुद्रातून पोट भरून येतात, त्यांची विष्ठा जमिनीवर पडते आणि त्यावर झाडोरा वाढतो. इथे तर कोणी कोणाला खाल्लेलंच नाही, तरी नायट्रोजन पक्ष्याकडून जमिनीत आणि तिथून झाडोऱ्यात गेला. ‘खातो’ या अर्थाचा बाण हा दुवा दाखवूच शकत नाही. ‘इथून तिथे गेलं’ या अर्थाचा बाण विष्ठाही दाखवतो, घासही दाखवतो आणि पुढे सांगतो तसं विषही दाखवतो.

विषाची गोष्ट खाचरातलीच घ्या. घरात आणि शेतात उंदरांसाठी जी औषधं वापरतात, त्यांतलं ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारं विष आहे. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस जगतो, सुस्तावतो, भलत्या वेळी उघड्यावर येतो. असा उंदीर गव्हाणी घुबडाला अगदी सहज सापडतो. मग उंदराकडून घुबडाकडे जो बाण आहे, त्याच बाणाने ते विष घुबडाच्या अंगात जातं. असे उंदीर पुन्हा पुन्हा खाल्ले तर घुबडही अंतर्गत रक्तस्रावाने मरू शकतं. शेतकऱ्याचे उंदीर फुकटात मारणारा पक्षी अशा रीतीने जातो. उलट्या बाणांच्या चित्रात हे विष घुबडाकडून उंदराकडे चाललंय असं दिसलं असतं.

बाण दिशा सांगतो. किती माल गेला हे सांगत नाही. चित्रात सगळे बाण सारख्याच जाडीचे असतात, पण त्यांतून जाणारी ऊर्जा अजिबात सारखी नसते. १९४२ साली रेमंड लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका तळ्याच्या अभ्यासातून ऊर्जा एका पातळीवरून दुसरीकडे जाताना कशी घटते याचा हिशेब मांडला. त्यावरूनच पाठ्यपुस्तकातला ‘दहा टक्के’ हा ढोबळ नियम आला. भाताच्या रोपांनी १०,००० एकक ऊर्जा साठवली असं धरलं, तर नाकतोड्यांच्या अंगात त्यातली साधारण १,००० उतरते, बेडकांच्या अंगात १००, धामणीत १० आणि गरुडात १. बाकीची कुठे जाते? पुष्कळसा भात खाल्लाच जात नाही. जो खाल्ला जातो त्यातला काही विष्ठेतून बाहेर पडतो. आणि जे पचतं त्यातलं बरंचसं उड्या मारण्यात, श्वासोच्छ्वासात आणि अंग चालतं ठेवण्यात खर्च होऊन उष्णता म्हणून हवेत जातं.

हा दहाचा आकडा सरासरीचा आहे, मुलाने तो कायदा समजू नये. नाकतोड्यासारखे कीटक आणि बेडकासारखे थंड रक्ताचे प्राणी पचवलेल्या ऊर्जेतला चांगला मोठा वाटा अंग वाढवण्यात घालतात. घुबडासारखा गरम रक्ताचा पक्षी मात्र अंगाची ऊब टिकवण्यातच जवळजवळ सगळी ऊर्जा खर्चून टाकतो. वाढीसाठी त्याच्याकडे पचवलेल्यातली एक-दोन टक्केच उरते. संगमेश्वरच्या खाचरात पावसाळ्यात शेकडो बेडूक ओरडतात आणि सर्पगरुड मात्र आकाशात एखादाच फिरतो, त्यामागे हा हिशेब आहे. म्हणूनच साखळ्याही सहसा चार-पाच दुव्यांपलीकडे लांबत नाहीत. पुढच्याला पोट भरण्याइतकं उरतच नाही.

काही पुस्तकांत चित्राच्या तळाशी विघटकांचा, म्हणजे बुरशी आणि जिवाणूंचा चौकोन असतो. तुमच्या फोटोत तो नाही, पण पुढच्या इयत्तेत येईल आणि तिथे पुन्हा गोंधळ होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. प्रत्येक चौकोनाकडून एकेक बाण या विघटकांकडे जातो: भाताचा पेंढा, मेलेला बेडूक, गरुडाची विष्ठा, सगळं त्यांच्याकडे. मग विघटकांकडून एक बाण पुन्हा मातीत आणि तिथून भाताकडे जातो. मुलं तो बघून म्हणतात, ‘म्हणजे ऊर्जा फिरून परत आली.’ तसं नाही. त्या शेवटच्या बाणाने जातात ते नायट्रोजन, फॉस्फरससारखे क्षार. ऊर्जा तोवर उष्णता होऊन निघून गेलेली असते आणि भाताला नवी ऊर्जा उन्हातूनच घ्यावी लागते. चांगल्या पुस्तकात हा बाण तुटक रेघेने किंवा वेगळ्या रंगाने काढतात. तसा नसेल तर मुलाला स्वतःच्या वहीत तो वेगळ्या रंगाने काढू द्या.

आता बेडूक नाहीसे होण्याचा प्रश्न. निम्मे गुण का गेले, ते नीट कळायला हवं. त्याने बेडकापासून निघणाऱ्या बाणाच्या टोकाकडे बघितलं: धामण. तिचं एक खाणं गेलं, तिला त्रास होणार, बरोबर. पण बेडकाकडे येणारा बाणही होता आणि तो त्याने पाहिलाच नाही. बाणाच्या दिशेने घास जातो. परिणाम मात्र दोन्ही दिशांनी पसरतो. खाणारा गेला की ज्याला तो खात होता त्याचा जाच कमी होतो. म्हणून ‘अमुक नाहीसा झाला तर’ असा प्रश्न आला की त्या चौकोनावर बोट ठेवायचं, आधी त्यातून निघणाऱ्या बाणांवरून पुढे जायचं आणि मग येणाऱ्या बाणांवरून मागे जायचं.

करून बघू. बेडकाच्या चौकोनावर फुली मारली. पुढे गेलो तर धामणीचा एक घास कमी झाला. मागे गेलो तर नाकतोड्यांना खाणारं चित्रात कोणीच उरलं नाही, म्हणून ते वाढले. ही झाली पहिली पायरी, आणि इथवर लिहिलं तरी सातवीत पूर्ण गुण मिळावेत.

दुसरी पायरी इथून निघते. वाढलेले नाकतोडे भाताची पाती जास्त खातील, म्हणजे लोंब्या कमी भरतील. भात कमी म्हणजे उंदरांना खायला कमी. दुसऱ्या बाजूने धामण, जी बेडूक आणि उंदीर दोन्हींवर गुजराण करत होती, ती आता उंदरांच्या मागे जास्त लागेल. म्हणजे उंदरांवर दोन्ही बाजूंनी ताण. उंदीर कमी झाले की त्यांच्यावर जगणाऱ्या घुबडाची पंचाईत. चित्रात बेडूक आणि घुबड यांना जोडणारा एकही थेट बाण नाही, तरी बेडूक गेल्याची झळ घुबडापर्यंत पोचली!

पण थोडं थांबा, दुसरी शक्यताही आहे. बेडूक गेल्याने काही धामणी उपासमारीने मेल्या किंवा खाचर सोडून गेल्या, तर उंदरांना खाणारेच कमी झाले. मग उंदीर वाढतील आणि घुबडाची चंगळ होईल. एकाच चित्रातून उंदरांबद्दल दोन उलट उत्तरं निघाली आणि दोन्ही तर्काला धरून आहेत. यातलं खरं कुठलं, हे चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी धामण किती बेडूक आणि किती उंदीर खाते, नाकतोड्यांना आणखी कोण खातं, भात किती आहे, हे सगळे आकडे हवेत. म्हणून अशा प्रश्नात ‘उंदीर वाढतील’ किंवा ‘उंदीर घटतील’ एवढंच ठोकून देऊ नये. ‘धामण उंदरांकडे वळली तर घटतील, धामणीच कमी झाल्या तर वाढतील’ असं कारणासकट लिहावं. तपासणारा जाणता असेल तर त्याला हेच उत्तर अधिक आवडेल.

बेडूक नाहीसे होण्याचा हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात, दरवर्षी हजारो टन. त्यासाठी मुख्यतः भारतीय बैल बेडूक पकडला जाई, आणि तो भातखाचरात आणि पाणथळीतच राहणारा. पावसाच्या पहिल्या सरींना पिवळाधमक होऊन ओरडणारा, तोच. बेडूक मोठ्या संख्येने नाहीसे होऊ लागले तेव्हा पिकांवरचे कीटक वाढतील आणि त्यांच्यासाठी आणखी कीटकनाशकं फवारावी लागतील, अशी चिंता उभी राहिली. अखेर १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या बेडकाला पकडणं-मारणं गुन्हा आहे, तरी कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री बत्त्या घेऊन त्याला धरायला निघणारे लोक अजून आहेत. मुलाला ही निर्यातबंदी सांगा आणि मग चित्रातला नाकतोड्याकडून बेडकाकडे जाणारा बाण दाखवा. त्या एका बाणाने किती नाकतोडे खाचरातून उचलले जात होते, याचा विचार तो मग आपणहून करील.

हे बाण काढणाऱ्याला कसं कळतं की अमुक अमक्याला खातो? घुबडाचा बाण याचं उत्तम उदाहरण आहे आणि तुम्हाला तो गावातच तपासता येईल. गव्हाणी घुबड उंदीर सबंध गिळतं. केस आणि हाडं त्याला पचत नाहीत. त्यांची अंगठ्याएवढी करडी गोळी करून ते ती तोंडाने बाहेर टाकतं. जुन्या देवळाच्या माळ्याखाली, पडक्या वाड्यात, गोठ्याच्या आढ्याखाली घुबड बसत असेल तर खाली अशा गोळ्या सापडतात. एक गोळी हातमोजे घालून उचला, कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि दातकोरण्याच्या काडीने हलके उकला. आत बारीक हाडं आणि एखादी कवटी मिळेल. पुढे दोन लांब, वाकडे, पिवळसर-नारिंगी दात दिसले तर तो उंदीर. कवटी लांबट, चिंचोळी आणि दात पांढरे, टोकदार असतील तर ती चिचुंदरी. चिचुंदरी उंदरासारखी दिसत असली तरी ती मुख्यतः किडे खाते. म्हणजे चित्रात नसलेला एक चौकोन सापडला: नाकतोडा चिचुंदरीच्या पोटात, चिचुंदरी घुबडाच्या पोटात. आणि त्याबरोबर मघाचं उत्तरही थोडं बदललं, कारण बेडूक गेले तरी नाकतोड्यांना खाणारं आता कोणीतरी आहे. पुस्तकातलं कुठलंही अन्नजाळं असं अपुरंच असतं. सात चौकोनांत एक अख्खं खाचर मावत नाही. पण परीक्षेत उत्तर द्यायचं ते समोर छापलेल्या बाणांवरूनच. चिचुंदरी तिथे घुसडू नये.

राहिला दोन्ही टोकांचा बाण. तुमच्या मुलाचा हा प्रश्न मला सर्वांत आवडला. पुस्तकाच्या चित्रात असा बाण जवळजवळ कधीच नसतो, पण खाचरात ही गोष्ट घडते. चतुर घ्या, पाण्यावर चार पारदर्शक पंख पसरून भिरभिरणारा. मोठा चतुर बेडकाच्या टप्प्यात आला की बेडूक त्याला गिळतो. म्हणून बाण चतुराकडून बेडकाकडे. पण चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि ती पक्की शिकारी असतात. खालचा ओठ हातासारखा झटक्यात पुढे फेकून ती बेडकाचे बेडूकमासे धरतात आणि खातात. म्हणून दुसरा बाण बेडकाकडून चतुराकडे. कोण कोणाला खाणार ते वयावर ठरतं. बैल बेडूक आपल्याच जातीचे लहान बेडूकही गिळतो; ते दाखवायचं तर बेडकाच्या चौकोनातून निघून त्याच चौकोनात परत येणारा, वळसा घेतलेला बाण काढावा लागेल.

मुलाने असं चित्र काढायचं ठरवलं तर एकाच रेघेला दोन टोकं देण्यापेक्षा दोन वेगळे बाण काढावेत, कारण घासही दोन आहेत आणि खाणारेही दोन. त्याहून बरं म्हणजे चौकोनच वेगळे करावेत: बेडूकमासा एक, मोठा बेडूक दुसरा, चतुराचं पिल्लू एक, उडता चतुर दुसरा. बहुतेक बेडूकमासे शेवाळ खातात, म्हणजे शेवाळाकडून बेडूकमाशाकडे आणखी एक बाण येईल. मग प्रत्येक बाणाला एकच टोक राहील. फक्त बेडूकमासा ते बेडूक या दोन चौकोनांत खाण्याचा बाण काढू नये. तिथे कोणी कोणाच्या पोटात जात नाही, एकच प्राणी मोठा होतो. ते दाखवायला तुटक रेघ घ्यावी आणि तिच्यावर ‘वाढ’ असं लिहावं.